घटाच्या आकृतीला गुण देताना: आधी अर्ध-अभिक्रिया वाचा, मग नावे

बारावीच्या विद्युतरसायन या धड्यावरची चाचणी झाली की गठ्ठा घरी येतो, आणि तीच आकृती साठ-सत्तर वेळा डोळ्यांसमोरून जाते. दोन चंचुपात्रे, दोन पट्ट्या, मध्ये उलटा यू, वर तार. पहिल्या पाच-सहा पेपरांनंतर आपण वाचत नाही, मनातल्या छापील आकृतीशी नुसते ताडून पाहतो. डावीकडे ॲनोड आहे का, बाण उजवीकडे जातोय का, झाले. मग एकाच उत्तरपत्रिकेला एक शिक्षक सहापैकी दोन देतो आणि दुसरा साडेचार. दोघांनीही मनापासून तपासलेले असते, फक्त तपासायचा क्रम वेगळा असतो.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात किंवा क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना, आणि आपला सराव पेपर स्वतः तपासणाऱ्या मुलांनाही तो वापरता येईल. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच प्रश्न घेतो, म्हणजे गुण हवेत राहणार नाहीत.

## तपासायचा प्रश्न

चाचणीत मी हा प्रश्न सहा गुणांना घालतो:

चांदीची पट्टी १ मोलार AgNO₃ च्या द्रावणात डावीकडे आणि तांब्याची पट्टी १ मोलार Cu(NO₃)₂ च्या द्रावणात उजवीकडे ठेवून गॅल्व्हानी घट तयार केला. आकृती काढून ॲनोड, कॅथोड, त्यांची चिन्हे, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह, योग्य क्षाराचा सॉल्ट ब्रिज व त्यातील आयनांची दिशा दाखवा. अर्ध-अभिक्रिया, एकूण अभिक्रिया आणि घटाचा प्रमाण विभव लिहा. दिलेली प्रमाण क्षपण विभवे:

Ag⁺ + e⁻ → Ag, E° = +0.80 V

Cu²⁺ + 2e⁻ → Cu, E° = +0.34 V

जस्त-तांब्याचा डॅनिएल घट मुद्दाम टाळला आहे. तो मुलांना इतका पाठ असतो की आकृती बरोबर आली तरी समजले की घोकले हे कळत नाही. त्या घटात तांबे कॅथोड असते, इथे तेच तांबे ॲनोड आहे. पाठ आकृतीत ॲनोड डावीकडे असतो, इथे तो उजवीकडे येतो. शिवाय डॅनिएल घटात चालणारा KCl चा सॉल्ट ब्रिज इथे चालत नाही. पाठांतर आणि समज इथे लगेच वेगळी पडतात, पण त्याच कारणाने तपासणाऱ्याचीही घाई इथे उघडी पडते.

## टप्पा १: गठ्ठा उघडण्याआधी

आधी प्रश्न स्वतः सोडवा, कागदावर, पूर्ण आकृतीसह. मग तीच आकृती आरशात पाहिल्यासारखी उलटी काढा, तांबे डावीकडे आणि चांदी उजवीकडे. प्रश्नात बाजू दिली असली तरी काही मुले ती बदलतात, आणि त्याने रसायन बदलत नाही. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून तपासलेत तर ‘डावे म्हणजे ॲनोड’ ही सवय आपल्याच हातून सुटते. ॲनोड डावीकडे लिहायचा संकेत घटाच्या एका ओळीच्या लेखनासाठी आहे:

Cu | Cu²⁺ (1 M) || Ag⁺ (1 M) | Ag

टेबलावर कुठले चंचुपात्र कुठे ठेवावे याला असा संकेत नाही.

मग गुण वाटून घ्या. माझी वाटणी अशी:

- ॲनोड-कॅथोड: दीड गुण. कोणता धातू कोण हे ओळखण्याला एक, चिन्हांना अर्धा.
- इलेक्ट्रॉनांचा प्रवाह: एक गुण. बाण तारेतून असण्याला अर्धा, दिशेला अर्धा.
- सॉल्ट ब्रिज: दीड गुण. दोन्ही टोके द्रावणात बुडण्याला अर्धा, योग्य क्षाराला अर्धा, दोन्ही आयनांच्या दिशेला मिळून अर्धा.
- अभिक्रिया: दोन गुण. प्रत्येक अर्ध-अभिक्रियेला अर्धा, एकूण अभिक्रियेला अर्धा, विभवाला अर्धा.

वाटणी तुम्ही बदलू शकता. पण पहिला पेपर हातात घेण्याआधी ती कागदावर असली पाहिजे. विसाव्या पेपरला ठरवलेला नियम पहिल्या एकोणीस मुलांवर अन्याय करतो.

सावध: बाणावर काहीच लिहिले नसेल तर काय करायचे, हे आत्ताच ठरवा. तारेवरचा नुसता बाण इलेक्ट्रॉनांचा असू शकतो किंवा विद्युतधारेचा, आणि त्या दोघांच्या दिशा एकमेकींच्या उलट असतात. माझा नियम असा, की बाणावर e⁻ किंवा ‘इलेक्ट्रॉन’ असे काही नसेल तर दिशेचा अर्धा गुण नाही. प्रश्नातच ‘इलेक्ट्रॉनांचा प्रवाह दाखवा’ असे स्पष्ट आहे, म्हणून हा नियम कडक वाटला तरी रास्त आहे.

## टप्पा २: पेन खाली ठेवून अर्ध-अभिक्रिया वाचा

इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. आकृतीवरची नावे मोठ्या अक्षरांत असतात, म्हणून नजर आधी तिकडे जाते आणि पहिला गुण तिथेच दिला किंवा कापला जातो. पण ‘ॲनोड’ हा एक शब्द आहे. तो घोकून येतो, शेजारच्याचा पाहून येतो, जुन्या चुकीच्या अर्थानेही येतो. कोणत्या पट्टीवर काय घडते आहे असे मुलाला वाटते, ते अर्ध-अभिक्रियेतच दिसते.

म्हणून आधी अर्ध-अभिक्रिया शोधा. त्या आकृतीखाली असतील, बाजूला असतील, कधी पुढच्या पानावर असतील. योग्य उत्तर असे:

तांब्यावर ऑक्सिडीकरण: Cu(s) → Cu²⁺(aq) + 2e⁻

चांदीवर क्षपण: 2Ag⁺(aq) + 2e⁻ → 2Ag(s)

एकूण: Cu(s) + 2Ag⁺(aq) → Cu²⁺(aq) + 2Ag(s)

त्यावरून मुलाने मनात धरलेली दिशा समासात पेन्सिलीने टिपून ठेवा: ‘Cu → Ag’ किंवा ‘Ag → Cu’. म्हणजे इलेक्ट्रॉन कोण देतो आणि कोण घेतो. ही टिपण पुढच्या सगळ्या तपासणीचा खुंटा आहे. बाण, आयन, चिन्हे हे सारे या खुंट्याला धरून पाहायचे.

अर्ध-अभिक्रियांचे गुणही याच वेळी द्या. प्रत्येक समीकरणात दोन्ही बाजूंचा एकूण प्रभार मोजा, इतकेच पुरते. तांब्याच्या समीकरणात डावीकडे शून्य आणि उजवीकडे अधिक दोन, उणे दोन, म्हणजे शून्य. जमले. एखाद्याने Cu + 2e⁻ → Cu²⁺ लिहिले, तर डावीकडे उणे दोन आणि उजवीकडे अधिक दोन येतात. हे हमखास दिसते, कारण ‘तांब्यात दोन इलेक्ट्रॉन’ एवढेच लक्षात राहिलेले असते. त्याला गुण नाही.

Ag⁺ + e⁻ → Ag असे एकाच इलेक्ट्रॉनाचे लिहिले तर ते बरोबर आहे, पूर्ण अर्धा गुण द्या. दोनने गुणलेच पाहिजे असे नाही. एकूण अभिक्रियेत मात्र दोन Ag⁺ यायलाच हवेत. Cu + Ag⁺ → Cu²⁺ + Ag मध्ये डावीकडे प्रभार एक आणि उजवीकडे दोन, तो अर्धा गुण जातो.

तपासून पाहा: दोन्ही अर्ध-अभिक्रिया क्षपणाच्याच आहेत का? विभवांच्या यादीतून जशाच्या तशा उतरवल्या की असे होते. मग दोन्ही पट्ट्या इलेक्ट्रॉन घेतात आणि देणारा कोणीच उरत नाही. अशा पेपरात चांदीच्या समीकरणाचा अर्धा गुण द्या, तांब्याचा नाही, आणि खुंटा म्हणून तारेवरचा इलेक्ट्रॉनांचा बाण धरा. अर्ध-अभिक्रिया लिहिल्याच नसतील तरीही बाणच धरायचा.

## टप्पा ३: आता नावे आणि चिन्हे

नावांचा नियम एकच आहे, आणि तो कुठल्याही घटात बदलत नाही. ऑक्सिडीकरण होते ते ॲनोड, क्षपण होते ते कॅथोड. चिन्ह मात्र बदलते. या घटात तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून द्रावणात उतरतात, इलेक्ट्रॉन पट्टीवर साचतात, म्हणून तांबे ऋण. चांदीच्या पट्टीवरून Ag⁺ इलेक्ट्रॉन उचलतात, म्हणून चांदी धन. ॲनोड उणे आणि कॅथोड अधिक.

आपल्याकडच्या मुलांची सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि ती मराठी शब्दांतून येते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाने ॲनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र असे वाचलेले असते. त्या धड्यात विद्युत अपघटन होते, बाहेरून बॅटरी जोडलेली होती, तिथे ते खरेच होते. बारावीत पेपर इंग्रजीतून असला तरी डोक्यात शब्द जुनाच असतो. एका मुलाला मी चिन्ह का उलटे टाकलेस असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, धनाग्र म्हंजे प्लसच की!” शब्दाप्रमाणे पाहिले तर त्याचे काही चुकले नव्हते. नाव एका मांडणीवरून पडले आणि आपण ते दुसऱ्या मांडणीत वापरतो आहोत.

हुपरी-इचलकरंजीकडची मुले वर्गात असतील तर हे समजावायला मुलाम्याची टाकी उपयोगी पडते. चांदीच्या मुलाम्यासाठी दागिना पुरवठ्याच्या उणे टोकाला टांगतात आणि धातू त्याच्यावर बसतो. म्हणजे दागिन्यावर क्षपण होते, म्हणून तो कॅथोड. आपल्या घटातही चांदी कॅथोडवरच बसते. दोन्हीकडे कॅथोडचे काम एकच, पण टाकीत तो उणे आणि घटात तो अधिक. टाकीत बाहेरचा पुरवठा त्याच्यावर इलेक्ट्रॉन ढकलतो, घटात मात्र Ag⁺ त्याच्यावरचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात.

म्हणून नाव आणि चिन्ह यांचे गुण वेगवेगळे ठेवले आहेत. नाव चुकले आणि चिन्ह बरोबर आले, असे होऊ शकते. तसे झाले तर तो बहुधा धनाग्राचाच घोटाळा असतो.

## टप्पा ४: इलेक्ट्रॉनांचा बाण

दोन वेगळ्या गोष्टी पाहायच्या, आणि त्या वेगळ्याच पाहायच्या.

पहिली, बाण कुठे आहे. इलेक्ट्रॉन तारेतून, व्होल्टमीटर दाखवला असेल तर त्याच्या मार्गाने जातात. द्रावणातून किंवा सॉल्ट ब्रिजमधून जात नाहीत. काही मुले तारेवरचा बाण बरोबर काढून तोच पुढे सॉल्ट ब्रिजमधून फिरवून गोल पूर्ण करतात, कारण ‘परिपथ पूर्ण झाला पाहिजे’ हे त्यांनी ऐकलेले असते. परिपथ पूर्ण होतो तो आयनांनी. असा गोल बाण दिसला तर मार्गाचा अर्धा गुण कापा, दिशेचा ठेवा.

दुसरी, दिशा. ती खुंट्याशी ताडा, ॲनोड-कॅथोडच्या नावांशी नाही. समासात ‘Cu → Ag’ लिहिले असेल आणि बाण तांब्याकडून चांदीकडे जात असेल, तर अर्धा गुण द्या, आकृतीवर नावे काहीही असोत. नावांची चूक नावांच्या रकान्यात आधीच मोजली आहे.

सावध: या प्रश्नात बरोबर बाण उजवीकडून डावीकडे जातो. शंभरदा डॅनिएल घट पाहिलेल्या डोळ्याला तो उलटा वाटतो. पेन थांबवून धातूंची नावे पुन्हा वाचा.

## टप्पा ५: सॉल्ट ब्रिज

आधी आकृतीतल्या पातळीकडे पाहा. सॉल्ट ब्रिजची दोन्ही टोके द्रावणाच्या रेषेच्या खाली गेली पाहिजेत. पुष्कळ आकृत्यांत यू चंचुपात्रांच्या काठावर टेकून राहतो आणि द्रावण खूप खाली असते. असा घट प्रयोगशाळेत मांडला तर व्होल्टमीटरचा काटा हलणार नाही. चित्रकलेचे गुण कापू नयेत हे खरे, पण ही चित्रकलेची चूक नाही. रेषा जेमतेम टेकत असेल तर मुलाच्या बाजूने कौल द्या. स्पष्ट अंतर असेल तर अर्धा गुण जातो. टोकांना कापसाचा बोळा किंवा आत अगार जेल दाखवले नाही म्हणून मी गुण कापत नाही, प्रश्नात ते मागितलेले नाही.

मग क्षार. इथे KNO₃ किंवा NH₄NO₃ हवा. KCl लिहिला तर क्लोराइड आयन चांदीच्या पात्रात पोचताच AgCl चा पांढरा अवक्षेप पडतो, तो सॉल्ट ब्रिजच्या तोंडाशी बसतो, आणि द्रावणातले Ag⁺ कमी होतात. ज्यांनी AgNO₃ मध्ये मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकून पाहिले आहेत त्यांना हे लगेच आठवेल. K₂SO₄ सुद्धा इथे योग्य नाही, कारण सिल्व्हर सल्फेट फारसे विरघळत नाही आणि १ मोलार Ag⁺ पुढे त्याचाही अवक्षेप येतो.

KCl लिहिणाऱ्याला अर्धा गुण गमवावा लागतो, तेवढाच. सॉल्ट ब्रिजचा बाकीचा एक गुण त्याचा शाबूत आहे. ‘KCl आहे म्हणजे सॉल्ट ब्रिजच चुकला’ असे म्हणून दीडच्या दीड गुण खोडणारे मी पाहिले आहेत, ते बरोबर नाही.

शेवटी आयनांची दिशा. तांब्याच्या पात्रात Cu²⁺ वाढत जातात, म्हणून तिकडे ऋण आयन, इथे NO₃⁻, जातात. चांदीच्या पात्रातले Ag⁺ कमी होतात आणि NO₃⁻ जास्तीचे उरतात, म्हणून तिकडे K⁺ जातात. हेही खुंट्याशी ताडा. जे पात्र इलेक्ट्रॉन देते त्याच्याकडे ऋण आयन, जे घेते त्याच्याकडे धन आयन. मुलाने KCl लिहून Cl⁻ तांब्याकडे आणि K⁺ चांदीकडे दाखवले असेल तर दिशा बरोबर आहे, त्याचा अर्धा गुण द्या.

एक घोटाळा वारंवार दिसतो. मुले आयनांना चिन्हाप्रमाणे ओढतात: ‘चांदी धन, म्हणून NO₃⁻ तिकडे.’ विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात हे त्यांना ठाऊक असते, पण इथे द्रावणाचा तोल सांभाळला जातो हे ध्यानात येत नाही. अशा पेपरावर ‘पात्रात काय वाढले?’ एवढेच लिहा. उत्तर सांगण्यापेक्षा तो प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

## टप्पा ६: विभवाच्या आकड्यावरून चूक ओळखा

बरोबर उत्तर:

E° = 0.80 − 0.34 = 0.46 V

इथे चुकीचा आकडाही काय चुकले ते सांगतो, म्हणून नुसती फुली मारून पुढे जाऊ नका.

१.२६ आले असेल तर मुलाने चांदीचे समीकरण दोनने गुणताना विभवही दुप्पट केला: १.६० वजा ०.३४. विभव हा प्रत्येक एकक प्रभारामागे असतो, समीकरण कितीही पटीत लिहिले तरी तो बदलत नाही.

१.१४ आले असेल तर त्याने तांब्याचे चिन्ह ऑक्सिडीकरण म्हणून एकदा बदलले आणि सूत्रातल्या वजाबाकीने पुन्हा बदलले. दोन पद्धती एकात मिसळल्या.

−०.४६ आले असेल तर तांबे कॅथोड धरले आहे. या पेपरात दिशा उलटी असणार. उणे उत्तर म्हणजे अशा दिशेने घट आपोआप चालणार नाही, आणि ते पाहूनही मुलगा मागे फिरला नाही. म्हणून मी विभवाचा अर्धा गुण देत नाही.

तिन्ही ठिकाणी गुण शून्यच, पण समासात लिहायचा शेरा तीन वेगळ्या शब्दांत.

सावध: ०.४६ बरोबर आले म्हणून दिशा बरोबर असे धरू नका. बरीच मुले मोठ्यातून लहान वजा करतात आणि मोकळी होतात. विभवाचा अर्धा गुण त्यांना मिळेल, पण त्यावरून इतर काही सिद्ध होत नाही. आणि मुलाच्या अर्ध-अभिक्रिया उलट्या असून उत्तर +०.४६ असेल, तर दोन विधाने एकमेकांच्या विरुद्ध आहेत, तिथे हा अर्धा गुणही देऊ नये.

## टप्पा ७: एका चुकीला एकदाच शिक्षा

आता उलटा पेपर घेऊ. मुलाने ‘तांबे म्हणजे कॅथोड’ असे डॅनिएल घटातून आणले. त्याच्या अर्ध-अभिक्रिया संतुलित आहेत, पण उलट्या: चांदी इलेक्ट्रॉन देते, तांबे घेते. बाण चांदीकडून तांब्याकडे. KNO₃, आणि NO₃⁻ चांदीकडे. चांदीला उणे, तांब्याला अधिक. विभव −०.४६.

प्रत्येक रकाना आदर्श उत्तराशी ताडला तर त्याचे नाव चुकले, चिन्ह चुकले, दिशा चुकली, आयन चुकले, अभिक्रिया चुकल्या. मार्ग, बुडलेली टोके आणि क्षार यांचा मिळून दीड गुण हातात येतो. पण चूक एकच आहे, विभवे पाहून निवड करताना झालेली. तिथून पुढे तो मुलगा एकदाही अडखळला नाही.

म्हणून निवडीचा एक गुण गेला. एकूण अभिक्रिया प्रत्यक्षात घडणारी नाही, तिचा अर्धा गेला. विभवाचा अर्धा गेला. बाकी सारे त्याने धरलेल्या दिशेशी जुळते, ते द्या. चिन्हे अर्धा, इलेक्ट्रॉन एक, सॉल्ट ब्रिज दीड, अर्ध-अभिक्रिया एक. एकूण चार.

ही सवलत फक्त सुसंगत पेपराला आहे. अर्ध-अभिक्रिया एक दिशा सांगतात, बाण दुसरी आणि आयन तिसरी, अशा पेपरात जे खुंट्याशी जुळते तेवढेच मोजायचे.

## पूर्ण तपासलेला एक पेपर

एका मुलीची आकृती अशी होती. डावीकडे चांदी, तिच्यावर ‘ॲनोड (+)’. उजवीकडे तांबे, त्याच्यावर ‘कॅथोड (−)’. तारेवर e⁻ लिहिलेला बाण, तांब्याकडून चांदीकडे. सॉल्ट ब्रिज KCl चा, दोन्ही टोके बुडालेली, K⁺ चांदीकडे आणि Cl⁻ तांब्याकडे. खाली लिहिले होते: ‘ॲनोडवर Ag⁺ + e⁻ → Ag, कॅथोडवर Cu → Cu²⁺ + 2e⁻’. एकूण अभिक्रिया बरोबर, विभव ०.४६.

नावांपासून सुरुवात करणाऱ्याला हा पेपर पार कोसळलेला दिसतो. ॲनोड चुकीचा, ॲनोडला अधिक चिन्ह चुकीचे, इलेक्ट्रॉन कॅथोडकडून ॲनोडकडे चालले, ऋण आयन कॅथोडकडे, ॲनोडवर क्षपण. त्याच्या हिशोबाने बाणाच्या मार्गाचा अर्धा, बुडलेल्या टोकांचा अर्धा, एकूण अभिक्रियेचा अर्धा आणि विभवाचा अर्धा. सहापैकी दोन.

आता आपल्या क्रमाने पाहा. अर्ध-अभिक्रिया दोन्ही संतुलित, तांबे देते, चांदी घेते. समासात ‘Cu → Ag’. अभिक्रियांचे दोनपैकी दोन. नावे उलटी, निवडीचा शून्य. चिन्हे धातूंपुरती पाहिली तर चांदी अधिक आणि तांबे उणे हे खरे आहे, अर्धा. बाणाचा मार्ग आणि दिशा दोन्ही बरोबर, एक. सॉल्ट ब्रिजची टोके अर्धा, KCl मुळे क्षाराचा शून्य, आयनांची दिशा अर्धा. बेरीज साडेचार.

हिला घट पूर्ण कळला आहे. कोणता धातू झिजतो, इलेक्ट्रॉन कुठे जातात, कोणती पट्टी धन होते, सगळे. तिने धन पट्टी अचूक ओळखली आणि मग तिला धनाग्र म्हणून ॲनोड असे नाव दिले, एवढेच. आकृती नुसती पाठ करून चुकलेल्या मुलाशी हिची गल्लत होऊ नये. तो डावीकडे ॲनोड लिहितो, पण त्याचा बाणही सवयीने डावीकडून उजवीकडे, म्हणजे चांदीकडून तांब्याकडे जातो, आणि त्याच्या चांदीवर उणे चिन्ह असते. नाव दोघांचे सारखेच चुकले. बाण आणि चिन्ह पाहिले की कारण वेगळे दिसते.

## टप्पा ८: पहिले दहा पेपर पेन्सिलीने

वरचा क्रम नवा असेल तर पहिल्या दहा पेपरांना पेन्सिलीने गुण द्या. दहावा संपला की पहिला पुन्हा तपासा, आधीचा आकडा झाकून. अर्ध्या गुणाहून जास्त फरक आला तर तुमचा एखादा नियम वाटेत बदलला आहे. कोणत्या रकान्यात फरक पडला ते पाहा, बहुधा तो सॉल्ट ब्रिजचा असतो. शक्य असेल तर सहकाऱ्याला तेच दहा पेपर तुमची वाटणी देऊन स्वतंत्रपणे तपासायला सांगा. रकान्यांप्रमाणे गुण मांडलेले असले तर मतभेद कुठे आहे ते पाच मिनिटांत सापडते. नुसती एकूण बेरीज लिहिली असेल तर तासभर वाद घालूनही हाती काही लागत नाही.

म्हणून आकृतीशेजारी चार आकडे लिहा: नावे-चिन्हे, इलेक्ट्रॉन, सॉल्ट ब्रिज, अभिक्रिया. त्या मुलीच्या पेपरावर ते असे आहेत: ½ + 1 + 1 + 2 = 4½. आणि खाली दोन ओळी: ‘तुझ्या ॲनोडवर क्षपण होते आहे, नाव पुन्हा बघ. Cl⁻ आणि Ag⁺ एकत्र आले तर काय होईल?’